डबा कुणी पाठवला?

मावशीला तिच्या गावच्या गिरणीबद्दल लिहायचं होतं. तिचं माहेर सांगली जिल्ह्यातलं, दुष्काळी भागातलं. लिहायचा सराव नाही, म्हणून तिने नातवाला चार गोष्टी सांगितल्या: गिरणी, डोक्यावरचा डबा, तिथल्या बायका, पिठाचा वास. नातवाने त्या मोबाईलवर एआयला दिल्या आणि क्षणात एक परिच्छेद तयार झाला. मावशीने तो मला पाठवला. माझं काम संपादनाचं, हे तिला ठाऊक आहे. सोबत एकच ओळ होती: “चांगलं लिहिलंय, पण हे मी बोलतेय असं वाटत नाही. जरा बघ.”

तो परिच्छेद असा होता:

“आमच्या गावातील पिठाची गिरणी ही केवळ धान्य दळण्याचे ठिकाण नव्हती, तर ती ग्रामीण समाजजीवनाचे एक महत्त्वपूर्ण केंद्र होती. बालपणी मला दर आठवड्याला धान्याचा डबा घेऊन गिरणीमध्ये पाठवण्यात येत असे. तेथे महिलांद्वारे विविध विषयांवर चर्चा केली जात असे, ज्यामुळे परस्परांमधील स्नेहबंध अधिक दृढ होत असत. ताज्या पिठाचा सुगंध, यंत्राचा आवाज आणि लोकांची लगबग यांमुळे तेथील वातावरण चैतन्यमय बनत असे. आज आधुनिकतेच्या युगात ही परंपरा लोप पावत असली तरी त्या आठवणी माझ्या हृदयात सदैव जिवंत राहतील.”

व्याकरणाची चूक काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ऱ्हस्वदीर्घ नीट आहेत, लिंगवचन जुळतंय, वाक्यं पूर्ण आहेत. शाळेच्या वहीत असता तर चांगले गुण मिळाले असते. असं लेखन दुरुस्त करणं अवघड जातं ते यामुळेच. चुकलेलं वाक्य आपणहून बोट दाखवतं. इथे तसं कुठलंच वाक्य नाही.

असा मजकूर हातात आला की बहुतेक जण जड शब्द काढून हलके घालतात. ‘केवळ’च्या जागी ‘नुसती’, ‘महिला’च्या जागी ‘बायका’, ‘चर्चा’च्या जागी ‘गप्पा’, ‘सुगंध’च्या जागी ‘वास’. पहिलं वाक्य तसं बदललं तर होतं: “आमच्या गावातली गिरणी म्हणजे नुसती दळायची जागा नव्हती, तर सगळ्या गावाचं एक महत्त्वाचं ठिकाण होतं.” शब्द घरातले झाले, तरी वाक्य अजून व्यासपीठावरच उभं आहे. कारण त्याची घडण बदललेली नाही. आधी एक क्षुल्लक गोष्ट मांडायची, ती नाकारायची आणि मग मोठी गोष्ट ठेवायची, ही भाषणाची चाल आहे. गिरणी ही नुसती दळायची जागा आहे असं मावशीला कुणी म्हटलेलंच नव्हतं. न घेतलेल्या आक्षेपाला दिलेलं ते उत्तर आहे.

म्हणून मी शब्दांना हात लावत नाही. आधी क्रियापदं बघते आणि प्रत्येक क्रियापदाला विचारते: हे कुणी केलं? या परिच्छेदातल्या पाच वाक्यांत माणसाने केलेली कामं दोनच आहेत, डबा पाठवणं आणि बोलणं. दोन्ही कामांचा कर्ता दडवलेला आहे. ‘पाठवण्यात येत असे’ आणि ‘चर्चा केली जात असे’. बाकी तीन वाक्यांत गिरणी ‘होती’, वातावरण ‘बनत असे’, आठवणी ‘राहतील’. धान्य दळायच्या जागेबद्दल लिहिलेल्या मजकुरात दळणाऱ्या माणसाचा पत्ताच नाही.

‘करण्यात येत आहे’ ही रचना आपल्या कानांना इतकी सवयीची आहे की ती खटकतच नाही. रेल्वेच्या घोषणेत, पाणीपुरवठ्याच्या सूचनेत, तहसीलच्या पत्रात ती असते आणि तिथे तिला कामही आहे. पाणी कुणी बंद केलं हे सांगायचं नसतं, किंवा सांगून उपयोग नसतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी कारभार मराठीतून सुरू झाला, तेव्हा इंग्रजी टिपणी-पत्रांच्या जागी काहीतरी उभं करणं भागच होतं, आणि त्यातून ही भाषा पक्की झाली. पुढे ती बातम्यांत आली, पाठ्यपुस्तकांत आली, उत्पादनांच्या माहितीपत्रकांत आली. एआयला मराठी शिकायला मिळते ती अशी छापलेली, टंकलेली. गिरणीबाहेर बसलेल्या बायका काय बोलल्या ते कुणी टंकलेलं नाही. म्हणून मावशीच्या आठवणीलाही सूचनाफलकाचा आवाज लागला, यात नवल नाही.

घरात मात्र कर्ता दडवून चालत नाही. “मला पाठवण्यात येत असे” असं कोण बोलतं? मी मावशीला फोन केला आणि विचारलं, “मावशी, तुला डबा घेऊन कोण पाठवायचं?”

“कोण म्हणजे? आईच की! थोरला रानात गेलेला असायचा आणि धाकटा एवढुसा. मग मीच राहिले की नाही?”

या उत्तरात आई आली, दोन भाऊ आले, आणि डबा मावशीच्याच डोक्यावर का, तेही कळलं. तिच्या बोलण्यातला ‘च’ दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याने नेमकं काम केलं. ‘आईच’ म्हणजे हे विचारायची गरजच नव्हती. ‘मीच’ म्हणजे दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मूळ परिच्छेद पुन्हा वाचून पाहा, जोर देणारा असा ‘च’ त्यात एकदाही नाही. ‘की’ नाही, ‘ना’ नाही. बोलताना आपण ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज घेत असतो, आणि तो अंदाज या बारीक अक्षरांत उमटतो. समोर कुणी आहे असं धरूनच हा परिच्छेद लिहिलेला नाही, म्हणून ती अक्षरं त्याला लागलीच नाहीत.

पण म्हणून ती वरून पेरायचीही नसतात. ‘बरं का’, ‘काय सांगू तुम्हाला’, ‘अहो’ अशी भर घालून बोलकेपणा आणायचा मोह होतो, आणि मग लेखन आकाशवाणीवरच्या जुन्या श्रुतिकेसारखं ऐकू येतं. खूण सोपी आहे. तो शब्द काढून टाकला आणि वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द सजावटीचा होता. ‘आईच’मधला ‘च’ काढला की अर्थ बदलतो. म्हणून तो राहायला हवा.

मग मी तिसऱ्या वाक्याकडे आले आणि विचारलं, “मावशी, गिरणीत बायका कसली चर्चा करायच्या?”

ती हसली. म्हणाली, “चर्चा? अगं, त्या इंजिनापुढं आपलं आपल्याला ऐकू येत नव्हतं. गिरणीवाले काका बोटांनी विचारायचे, जाड का बारीक. आम्ही बोटांनीच सांगायचो.”

मला इथे थांबावं लागलं. तोवर मी भाषेचा ताठरपणा काढत होते. आता दिसलं की ते वाक्य नुसतं ताठ नव्हतं, खोटंही होतं. तेलाच्या इंजिनावर चालणारी गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. इंजिनाचं चाक, तिथून गिरणीपर्यंत गेलेला पट्टा, दगडांची घरघर, आणि पत्र्याच्या छपराखाली घुमणारं ते सगळं. तिथे गप्पा होऊच शकत नाहीत. पण ‘महिलांद्वारे विविध विषयांवर चर्चा केली जात असे’ हे वाचताना हा प्रश्न कुणालाच पडत नाही. नातवाला पडला नाही, मलाही फोन करेपर्यंत पडला नव्हता. कोण, कुठे, कशाबद्दल, यांतलं काहीच न सांगणारं वाक्य तपासताही येत नाही. “बायका गिरणीत गप्पा मारायच्या” असं सरळ लिहिलं असतं तर मावशीनेच पहिल्या वाचनात म्हटलं असतं, “गिरणीत नाही गं, बाहेर.”

हे एकदा लक्षात आलं की पुढची वाक्यंही तशीच उलगडतात. ‘लोकांची लगबग’ असं लिहिलं आहे. मावशी म्हणाली, “लगबग कसली, नुसतं बसून राहायला लागायचं. लिंबाखाली.” ‘ताज्या पिठाचा सुगंध’ होता, पण त्यात डिझेलचा वास होता आणि तापलेल्या पट्ट्याचाही. पीठ इतकं गरम असायचं की डबा डोक्यावर घेतला तरी चुंबळीतून ऊब लागायची, आणि घरी आल्यावर आई झाकण काढून ठेवायची, नाहीतर पिठाला आतून घाम सुटतो. ‘दर आठवड्याला’ हेही खरं नव्हतं. आठवड्यातून दोनदा जावं लागायचं. का, असं विचारलं तर ती म्हणाली, “जोंधळ्याचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेनं चिरते, उचलली की तुटते.” ज्वारीची भाकरी करणाऱ्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं. पीठ थोडं थोडं दळून आणायचं, म्हणून खेपा जास्त. मुलीला किती वेळा गिरणीत जावं लागत होतं, हे त्या विरीवर ठरत होतं.

आपल्या मनात तयार असलेली चित्रंही इथे सांभाळावी लागतात. दळणाचा विषय निघाला की माझ्या हाताला आपोआप ओव्या सुचतात. त्या घातल्या असत्या तर मजकूर गोड झाला असता. पण ओव्या जात्यावरच्या. पहाटे दोघी समोरासमोर बसून हाताने दळायच्या, तेव्हा जात्याच्या फेऱ्यांवर त्या चालायच्या. इंजिनाची गिरणी आली आणि ते दळणं सुटत गेलं, तशा ओव्याही सुटत गेल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्यासारख्यांनी खेड्यापाड्यांत फिरून म्हाताऱ्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या मिळवल्या, तेव्हा त्या लिहिल्या गेल्या. मावशीच्या गिरणीत कुणी ओवी म्हणत नव्हतं. तिथे ओवी घालणं म्हणजे एआयने घातलेली ‘चर्चा’ काढून तिच्या जागी माझी बनावट बसवणं झालं असतं.

माहिती हाती आल्यावर मग वाक्यं बांधायची. इथे काळाचा प्रश्न पहिला येतो. ‘येत असे, होत असत, बनत असे’ हा रीतिभूतकाळ पुस्तकात शोभतो, पण गप्पांत आपण ‘यायचं, व्हायचं, बसायचो’ म्हणतो. हा बदल सोपा असल्यामुळे फसवतो. सगळी वाक्यं ‘यचं-यचे’वर संपायला लागली की दहाव्या ओळीला कान कंटाळतो, आणि कधी काही घडलंच नाही असं वाटायला लागतं, सगळं नेहमीचंच. कुणीही आपलं लहानपण सांगताना नेहमीचं थोडं सांगतं आणि मग एखाद्या वेळेला येऊन थांबतं: एकदा काय झालं, त्या वर्षी असं झालं. तशी एक वेळ हवी होती. परिच्छेदात ती नव्हती, कारण नातवाला सांगितलेल्या चार गोष्टींत ती नव्हती.

मी विचारलं, “भांडणं व्हायची का गं तिथे?” प्रेमाबद्दल आणि स्नेहबंधाबद्दल विचारलं की माणसं गोल बोलतात. भांडणाबद्दल विचारलं की नेमकं बोलतात, हा माझा अनुभव आहे.

“व्हायची की! गव्हावरनं. जोंधळ्याच्या मागनं गहू टाकला की गव्हाच्या पिठात जोंधळा येतो. सणाचा गहू असायचा तो, रोजचा नाही. मग गहूवाली म्हणायची, आधी दुसऱ्या कुणाचा तरी गहू होऊ दे. आणि आम्ही ओरडायचो, मग नंबर सोड.” जरा थांबून ती म्हणाली, “मिलोच्या वर्षी मात्र नाही झाली.”

मिलोचं वर्ष म्हणजे 1972. त्या दुष्काळात परदेशातून आलेली लालसर ज्वारी रेशनवर मिळत होती आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांत तिला मिलो म्हणत. त्या वर्षीच्या पोरांना आजही ती भाकरी आठवते. मी विचारलं, भांडणं का नाही झाली? “कशावरनं होणार? सगळ्यांच्याच डब्यात मिलो.”

त्यापुढे मी काही विचारलं नाही. परिच्छेदाचा शेवट सापडला होता.

वाक्यं जोडण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मूळ मजकुरात ‘चर्चा केली जात असे, ज्यामुळे स्नेहबंध दृढ होत असत’ असं आहे. मुख्य गोष्ट आधी सांगून ‘ज्यामुळे’, ‘ज्यात’, ‘जो’ने शेपूट लावायची ही सवय लिहिण्यातली आहे. बोलताना आपण एकतर वाक्य तोडतो आणि ‘म्हणून’, ‘मग’, ‘त्यानं’ असं म्हणत पुढे जातो, किंवा ‘जो’ पुढे आणून ‘तो’ मागे ठेवतो. जिचा डबा आधी तिचं दळण आधी. या वाक्यात रांगेचा सगळा नियम आला आणि ते एका श्वासात म्हणता येतं. तशी वाक्यं मावशीच्या बोलण्यात बरीच होती. ती मी उचलली.

लेखनाचा प्रश्नही तिथेच सोडवून टाकावा लागतो. ‘केले, झाले, असे’ लिहायचं की ‘केलं, झालं, असं’? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत पात्रांच्या तोंडच्या आणि तशा प्रकारच्या लेखनात ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही अनुस्वाराची रूपं चालतात, एरवी ‘असे केले’ लिहायचं. मावशी स्वतःच बोलते आहे, तेव्हा तिला अनुस्वाराची रूपं हक्काची आहेत. मात्र एकदा ती घेतली की शेवटपर्यंत तीच घ्यायची. अर्धवट दुरुस्त केलेला मजकूर ओळखायचा असेल तर हेच बघावं. एका ओळीत ‘यायचं’ असतं आणि पुढच्या ओळीत ‘गेले होते तेव्हा असे वाटले’ येतं. दोन माणसं आळीपाळीने बोलत आहेत असं वाटतं, आणि खरोखर तसंच झालेलं असतं.

तिच्या बोलीचं काय करायचं, यावर मी बराच वेळ घालवला. ती ‘आणि’ म्हणत नाही, ‘आन्’ म्हणते. ‘नाही’चं ‘न्हाई’ होतं. हे सगळं उच्चाराप्रमाणे लिहिता आलं असतं. पण मावशी लिहायला बसते तेव्हा ‘आणि’च लिहिते. तिच्या नावावर ‘आन्’ छापणं म्हणजे मी तिला दुरून ऐकते आहे असं सांगणं. म्हणून उच्चार सोडले आणि तिचे शब्द ठेवले: जोंधळा, विरी, चुंबळ, रान. वाक्यातला क्रमही तिचा ठेवला. बोली ऐकू येते ती मुख्यतः या क्रमात आणि शब्दांत.

तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं असतं तरीही चाललं नसतं. फोनवरचं बोलणं मी लिहून घेतलं होतं. त्यात ती मध्येच जावयाच्या गुडघ्यावर गेली, एकच गोष्ट तीनदा सांगितली, दोनदा ‘ते हे’ म्हणाली आणि ‘हे’ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं धरलं. बोलण्यासारखं लिहिणं म्हणजे निवडणं. तिच्या तोंडून आलेलं ठेवायचं, पण ज्याला तिचं घर ठाऊक नाही त्यालाही कळेल अशा रांगेत लावायचं. मराठीत हे काम फार जुनं आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्या ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या माणसांकडे जाऊन विचारून गोळा केल्या, आणि ‘लीळाचरित्रा’तलं गद्य आजही बोलतं ते त्या छोट्या, माणसांच्या तोंडून आलेल्या वाक्यांमुळे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. रीतसर शाळा न शिकलेल्या बाईचं ते गद्य आहे आणि मराठी घरांत ते अजून वाचलं जातं. मावशीच्या मजकुरावर काम करताना हे दोन ग्रंथ मी जवळ ठेवले होते. नक्कल करायची नव्हती. कर्ता समोर असला की वाक्य किती कमी शब्दांत उभं राहतं, हे बघायला ते पुरेसे होते.

शेवटी तयार झालं ते असं:

“गिरणीचं इंजिन सुरू झालं की गावभर पुक् पुक् ऐकू यायचं. ते ऐकलं की आई जोंधळा निवडायला घ्यायची आणि मी चुंबळ शोधायला लागायचे. डबा न्यायचं काम माझंच. थोरला भाऊ रानात गेलेला असायचा आणि धाकटा अजून लहान होता. आठवड्यातून दोनदा तरी जायला लागायचं, कारण जोंधळ्याचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते.

गिरणीत बोलायची सोय नव्हती. इंजिनापुढं आपलं आपल्याला ऐकू यायचं नाही. गिरणीवाले काका बोटांनी विचारायचे, जाड का बारीक, आणि आम्ही बोटांनीच सांगायचो. डबा रांगेला लावायचा आणि बाहेर लिंबाखाली येऊन बसायचं. बोलणं काय ते तिथं. जिचा डबा आधी तिचं दळण आधी, एवढाच नियम होता, पण गहू आला की भांडण ठरलेलं. जोंधळ्याच्या मागनं गहू टाकला तर पिठात जोंधळा येतो, म्हणून गहूवाली आपला डबा पुढं करायची नाही आणि नंबरही सोडायची नाही.

1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायला लागला. त्या वर्षी सगळ्यांच्याच डब्यात मिलो. कुणाच्या मागनं कुणाचं दळतात, हे कुणी बघेना. त्या वर्षी लिंबाखाली भांडण झालेलं मला आठवत नाही.”

हे मी तिला फोनवर वाचून दाखवलं. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते मोठ्याने वाचताना सापडतं, कारण जिभेला अडखळायला होतं. त्याहून चांगलं म्हणजे जिचं आहे तिला ऐकवणं. ती दोन जागी थांबली. मी आधी ‘इंजिनाच्या आवाजामुळे एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “मी असं नाही म्हणणार. आपलं आपल्याला ऐकू यायचं नाही.” तिचं वाक्य जास्त खरं होतं, म्हणून वर तेच आहे. दुसरी जागा शेवटची. तिने विचारलं, “एवढ्यावरच सोडायचं? ते हृदयात जिवंत वगैरे काही नको का?”

तिचा प्रश्न रास्त होता. शेवटी भावना सांगितली नाही तर ती पोचणार नाही, ही भीती लिहिणाऱ्या सगळ्यांना असते, आणि ‘हृदयात सदैव जिवंत’सारखी वाक्यं त्या भीतीतूनच येतात. मी तिला म्हटलं, “मावशी, त्या वर्षी कुणी भांडलं नाही हे वाचून तुझ्या सुनेला काय वाटेल?” ती गप्प बसली, मग म्हणाली, “तिला दुष्काळ ठाऊक नाही. पण कळेल.” वाक्य तसंच ठेवलं.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. मावशी फोनवर होती म्हणून हे जमलं. एखाद्याच्या पश्चात त्याच्या नावाने असा मजकूर तयार झाला असेल आणि विचारायला कुणीच उरलं नसेल, तर संपादकाच्या हातात फक्त कात्री राहते. पहिलं वाक्य काढता येतं, शेवटचं काढता येतं, ‘चर्चा’ काढता येते. लिंबाचं झाड घालता येत नाही. काढून काढून दोनच ओळी उरल्या तर दोनच ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. आपल्या कल्पनेने भरलेला बोलका परिच्छेद त्या ताठ परिच्छेदाहून जास्त घातक असतो, कारण त्यावर लोक विश्वास ठेवतात.

नातवाचा यात दोष नाही. आजीच्या चार शब्दांचं काहीतरी करून द्यावं असं त्याला वाटलं, हेच पुष्कळ आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी मजकूर मागण्याआधी आजीला पाच प्रश्न विचार: कुणी, का, किती वेळा, कुठे बसून, आणि भांडण कशावरनं. उत्तरं तिच्या शब्दांत लिहून घे. त्यानंतर एआयची मदत घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव, पण उत्तरं हातात असतील तर त्याने लिहिलेल्या वाक्यात खोटं कुठे आलं ते तुला दिसेल. त्याने परवा आपला पहिला प्रश्न विचारला: गिरणीवाल्या काकांना दळणाचे पैसे कसे द्यायचे? मावशी म्हणाली, “रोख कुठलं रे, त्यांच्या वहीत खुणा असायच्या, सुगीला जोंधळाच द्यायचा.” हे मलाही ठाऊक नव्हतं. पुढचा परिच्छेद तिथून सुरू होईल, आणि तो मावशीने स्वतः लिहायला घेतला आहे.